नवव्या दिवशीच का?

‘केमो झाल्यावर आठवडाभर सगळं छान होतं. नवव्या दिवशी ताप आला आणि पेशी एकदम तळाला गेल्या. घरी आमच्याकडून काय चुकलं?’

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतो. पूर्वी मी लगेच म्हणायचे, ‘तुमची काही चूक नाही.’ त्याचा उपयोग शून्य. अपराधी वाटणारा माणूस दिलासा ऐकून घेतो आणि घरी जाऊन पुन्हा स्वतःलाच धारेवर धरतो. त्याला कारण हवं असतं.

लिम्फोमा या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पत्नी माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका. सहाव्या दिवशी नातू भेटून गेला होता, नाक वाहत होतं. नवव्या रात्री यजमानांना १०१ ताप. बाईंनी तापाची गोळी दिली, ताप उतरला आणि त्या सकाळपर्यंत थांबल्या. सकाळी थंडी वाजून आली. रुग्णालयात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, निघाले २००. एरवी ते दीड हजाराच्या वर असतात. सात दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं.

‘नातवाला येऊ दिलं, तिथेच घात झाला,’ त्या म्हणाल्या. दुसऱ्या केमोच्या आधीच त्यांनी घराचं दार सगळ्यांना बंद केलं होतं.

मी विचारलं, ‘बाई, समजा शाळेत यंदा पहिलीचे प्रवेशच झाले नाहीत. दहावीचा वर्ग कधी रिकामा दिसेल?’

‘नऊ वर्षांनी.’ उत्तर तयारच होतं. मग त्या थबकल्या.

रक्तपेशी जिथे तयार होतात ती अस्थिमज्जा म्हणजे अशीच शाळा. खालच्या वर्गांतल्या पेशींचं विभाजन चालू असतं आणि केमो मुख्यतः त्यांनाच मारते. वरच्या वर्गांतल्या पेशी विभाजन थांबवून नुसत्या पिकत असतात, त्या वाचतात आणि पुढचे काही दिवस रक्तात उतरत राहतात. म्हणून चौथ्या दिवशीचा रिपोर्ट चांगला येतो. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास राहतो, त्यामुळे मागचा साठा संपला की आकडा घसरत नाही, कोसळतो. बहुतेक औषधांत हा तळ सातव्या ते चौदाव्या दिवसात येतो. (काही मोजक्या औषधांत बराच उशिरा. तुमच्या औषधाचा काळ डॉक्टरांना विचारून ठेवा.) तोवर मूळ पेशींनी नवे प्रवेश सुरू केलेले असतात, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी पुढची केमो देता येते.

‘म्हणजे नातू आला तेव्हा वर्ग रिकामा व्हायचं आधीच ठरलं होतं?’

‘पहिल्याच दिवशी. शिवाय या तापाचे जंतू पुष्कळदा रुग्णाच्याच आतड्यातले, तोंडातले किंवा त्वचेवरचे असतात.’

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग कॅलेंडर काढून पुढच्या केमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाभोवती त्यांनी लाल पेनने चौकट ओढली. त्या चौकटीचं श्रेय मी थोडं स्वतःकडेही घेते. भावनेशी भांडण्यापेक्षा तिच्या पोटातला विचार तपासावा, या मताची मी आहे.

नातवाचं मी सोडवलं, गोळीचं नाही सोडवलं. सर्दी झालेल्यांनी त्या चौकटीत लांब राहावंच, पण खरा धोका गोळी देऊन वाट बघण्यात होता. पेशी नसल्या की पू होत नाही, लाली-सूजही फारशी दिसत नाही. ताप हीच बहुधा एकमेव खूण, आणि गोळीने तीच पुसली जाते. एकदा जरी १०१ दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर गोळी न देता निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहिलं. ‘केमोच्याच दिवशी टोचून घेऊ का? फेरी वाचेल,’ बाईंनी विचारलं. नाही. ते पेशींना विभाजनाला लावतं, आणि केमो विभाजन होणाऱ्यांनाच गाठते. म्हणून किमान २४ तास जाऊ देतात. त्यानंतर कंबर आणि छातीचं हाड ठणकतं, ते मज्जा कामाला लागल्यामुळे. दुखण्यावर काय घ्यायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं, कारण तापाची गोळी इथेही ताप लपवते.

आणखी एक गोष्ट मी बजावून ठेवली. इंजेक्शनने वरच्या वर्गातली मुलं आधीच बाहेर पडतात, म्हणून सुरुवातीला आकडा फुगतो आणि मग घसरतो. फुगलेला आकडा बघून गाफील राहू नका. तळ चुकत नाही, तो उथळ होतो आणि लवकर सरतो.

आठव्या रात्री बाईंनी रुग्णालयात फोन लावला. काय बोलल्या ते त्यांनी मला नंतर म्हणून दाखवलं: ‘आठवा दिवस, ताप १०१, गोळी दिलेली नाही, आम्ही निघालोय.’ न्यूट्रोफिल ४०० होते. या खेपेला चौथ्या दिवशी घरी सोडलं.

नातवाला त्यांनी अठराव्या दिवशी बोलावलं.