मोटरीचे पाच अँपिअर आणि मीटरचं पाऊण युनिट

प्रश्न: घरच्या अर्ध्या एचपीच्या पाण्याच्या मोटरीला क्लॅम्प मीटर लावला, ५ अँपिअर दाखवतो. व्होल्टेज २३०. म्हणजे ११५० वॅट, तासाला १.१५ युनिट. पण घरातलं बाकी सगळं बंद ठेवून तासभर मोटर चालवली तर मीटर ०.७५ युनिटच पुढे सरकला. मीटर स्लो आहे का?

उत्तर: मीटरवर संशय घ्यायचं कारण मला दिसत नाही. गुणाकारही बरोबर आहे, फक्त ११५० च्या पुढे ‘वॅट’ लिहिलंत तिथे गडबड झाली. ते ११५० व्होल्ट-अँपिअर आहेत. वॅट ७५०च आहेत आणि ते तुमच्या मीटरनेच सांगितलेत. ७५० भागिले ११५० म्हणजे ०.६५, हा तुमच्या मोटरीचा पॉवर फॅक्टर. लहान सिंगल फेज मोटरीला एवढा असतोच.

मोटरीच्या वाइंडिंगमध्ये करंट व्होल्टेजच्या मागून चालतो. पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर साधारण ४९ अंश मागे, म्हणजे ५० हर्ट्‌झला जवळजवळ २.७ मिलिसेकंद. व्होल्टेजची दिशा दर १० मिलिसेकंदांनी पलटते. पलटल्यावर पहिले २.७ मिलिसेकंद करंट अजून जुन्याच दिशेने वाहत असतो. तेवढ्या वेळात मोटर वीज घेत नाही, उलट चुंबकीय क्षेत्रात साठवलेली थोडी लाइनला परत देते. युनिटचा मीटर क्षणाक्षणाचा व्होल्टेज आणि करंट गुणतो, त्यामुळे परत गेलेली वीज त्याच्या हिशेबातून आपोआप वजा होते. तुमच्या क्लॅम्पला व्होल्टेजचा पत्ताच नसतो. करंट किती, एवढंच तो सांगतो. त्यातला किती कामाचा, हे त्याला कळत नाही.

पटत नसेल तर इस्त्रीने ताडून बघा. मीटरवर imp/kWh असं लिहिलेलं असतं, समजा ३२०० आहे. म्हणजे एका युनिटला तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. मोटर एकटी चालू ठेवून मिनिटभर मोजा, ४० च्या आसपास भरतील. मग मोटर बंद करून १००० वॅटची थंड इस्त्री लावा. (थंडच हवी, तापली की थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.) क्लॅम्पवर ४.३ अँपिअर येतील, मोटरीपेक्षा कमी. दिवा मात्र मिनिटाला ५३ वेळा लुकलुकेल! इस्त्रीत नुसती तापणारी तार असते, तिथे व्होल्ट-अँपिअर आणि वॅट एकच. इस्त्रीलाही ५३ ऐवजी ३५ च भरले, तर मग मीटर तपासायला अर्ज करा.

मोटर चालू असताना व्होल्टेजही मोजून घ्या. आमच्याकडे संध्याकाळी २३० चे २१५ होतात. तुमच्याकडेही तसं असेल तर व्होल्ट-अँपिअर १०७५ आणि पॉवर फॅक्टर ०.७० निघेल.

मी जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरण्याचं काम करतो, आणि हीच चूक मी उलट्या बाजूने केली आहे. अशाच एका मोटरीला ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर जोडला. लाइनचा करंट ५ वरून ३.३ अँपिअरवर आला. मी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगितलं, लाइटबिल तिसऱ्या हिश्शाने कमी येईल. दोन महिन्यांनी तो बिलं घेऊन दुकानात आला. एका युनिटचाही फरक नव्हता. पडणार कसा? मोटर आधीही ७५० वॅट घेत होती, नंतरही तेवढेच. आधी लाइनशी होणारी विजेची ये-जा आता कंडेन्सर आणि मोटर यांच्यातच चालली होती, एवढंच. त्या तुकड्यात क्लॅम्प लावला असता तर तिथे ५ अँपिअरच दिसले असते. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो, म्हणून त्या कंडेन्सरचा बिलाला उपयोग नाही. कारखान्यांच्या उच्चदाब जोडणीचं बिल आपल्याकडे केव्हीए-तासावर, म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने होतं, तिथे तो पैसे वाचवतो. तेव्हा ‘वीज बचत’ म्हणून सॉकेटमध्ये खोचायच्या डब्या विकतात त्या घेऊ नका.

११५० चा आकडा मात्र फेकून देऊ नका. वायर, स्विच आणि इन्व्हर्टर यांना पूर्ण ५ अँपिअरच सोसावे लागतात. ७५० वॅट आहे म्हणून ही मोटर १ केव्हीएच्या इन्व्हर्टरवर लावलीत तर तो ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. सुरू होतानाचा करंट तर याच्या कितीतरी पट असतो, तो वेगळाच.