तेच दोनदा सांगू नकोस

पुरस्कार सोहळ्याच्या मराठी-इंग्रजी सूत्रसंचालनाची तुझी संहिता वाचली. प्रत्येक मराठी वाक्याखाली त्याचंच इंग्रजी भाषांतर आहे, घोळ तिथेच आहे. दोन्ही भाषा कळणारे प्रेक्षक तेच दोनदा ऐकून मोबाइल काढतात. त्यापेक्षा मजकूर दोन भाषांत वाटून टाक.

समजा उत्कृष्ट शिक्षिकेचा पुरस्कार आहे. मराठीत गोष्ट सांग: "डोंगरावरच्या पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बाईंनी शाळाच पाड्यावर नेली." इथे श्वास घे. मग इंग्रजीत पुढचं: "टुडे, दॅट स्कूल ऑन द हिल हॅज इट्स ओन लायब्ररी. द बेस्ट टीचर अवॉर्ड गोज टू..." आणि नाव. शाळा आणि स्कूल, हा तुझा पूल. मराठी न कळणाऱ्यालाही धागा सापडतो.

नाव कायम शेवटी. टाळ्या सुरू झाल्या की पुढचं कुणाला ऐकू येत नाही. त्या ओसरल्या की पुन्हा मराठीत ये. विजेती मंचावर पोचेपर्यंत बोलायला दोन जादा ओळी लिहून ठेव. मी एकदा ठेवल्या नव्हत्या. विजेते आजोबा मंचाचा जिना चढेपर्यंत "जोरदार टाळ्या" चार वेळा म्हणालो!

जेवणाची, पार्किंगची सूचना मात्र दोन्ही भाषांत दे.