अक्षर खराब म्हणून निबंधाला मार्क कमी?

"माझी मुलगी नववीत, खानापूर तालुक्यात मराठी मीडियमला. निबंध मनापासून लिहिते पण अक्षर खराब, दहापैकी पाचच्या वर जात नाही. वर्गातल्या हुशार मुलीला कायम आठ. बाई मुद्दाम करतात का हो?"

ताई, बहुतेक वेळा मुद्दाम नसतं, आणि म्हणूनच ते लवकर लक्षात येत नाही. बेळगावजवळच्या एका शाळेतला आठवीचा मुलगा माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आला होता. त्याच्या बाई चांगल्या, स्वतःच म्हणाल्या, बघूया माझं कुठं चुकतंय ते.

विषय पावसाचा. पोरानं लिहिलं होतं, पाऊस लांबला की आजोबा भाताच्या तरव्याकडे बघत गप्प बसतात आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाईंनी हे वाचलं होतं, पण अक्षर लावता लावताच जीव गेला आणि तो वाचण्याचा त्रास 'मांडणी विस्कळीत' असा शेरा होऊन खाली उतरला, मार्क ५. वक्तृत्वात नंबर काढणाऱ्या मुलीला मात्र ८, कारण तिच्याबद्दल मत आधीच चांगलं, मग पाठ केलेल्या वाक्यांतही खोली दिसते. हा हेलो इफेक्ट. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी एखाद्याला एका गुणात वर धरतात तेव्हा बाकीच्या गुणांतही वरच धरतात.

आधी आम्ही फक्त नावं झाकली, पानाची वरची पट्टी दुमडून स्टेपल केली, मागं नंबर टाकले. काही उपयोग झाला नाही, वर्ग बत्तीस मुलांचा, बाई अक्षरावरूनच पोर ओळखायच्या.

मग दुसऱ्या वर्गाच्या सरांना गठ्ठा उलटसुलट करून वाचायला बसवलं, एकसुरात, नाव न घेता, आणि बाईंनी नुसतं ऐकून आशयाला आठपैकी मार्क दिले. कशाला किती मार्क हे वाचन सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं, नाहीतर आवडलेल्या निबंधाला मागाहून कारणं सापडतात. शुद्धलेखन कानाला कळत नाही, म्हणून त्याचे दोन मार्क नंतर वह्या बघून. आशयात दोघांनाही ६ पडले, शुद्धलेखनात मुलीला २ आणि मुलाला अर्धा. म्हणजे तिचे आठ तसेच राहिले, याचे पाचाचे साडेसहा झाले, आणि उरलेला फरक खरंच चुकांचा होता.

दर चाचणीला एवढं जमणार नाही हे मला कळतं, पण सहामाहीला तरी बाईंना विचारून बघा, किंवा शेजारच्या शाळेशी गठ्ठे बदला, त्यानं ओळखीचा प्रश्न जातो. अक्षराचा जात नाही. एसएसएलसीला पेपर तपासणाऱ्याला तुमची मुलगी माहीत नसेल पण तिचं अक्षर समोर असेल, म्हणून आत्तापासून तिला एक ओळ सोडून लिहायला लावा आणि दोन शब्दांत बोटभर जागा ठेवायला सांगा. वळणदार नको, लावता आलं की झालं.