पाचाचं नाणं आणि कागदी घड्याळ

"मॅडम, पोराले शंभरलोक आकडे येतात, पाढे बी पाठ हायेत. पण दुकानात धाडलं का सुटे पैसे समजत नाहीत, अन् घड्याळ त अजिबातच नाही. डोकं कमी त नाही ना त्याचं?"

मुलगा दुसरीतला. समुपदेशक म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत हा प्रश्न माझ्या जास्त कानावर येतो, कारण मोठी माणसं वावरात असतात आणि दुकानात पोरालाच पाठवावं लागतं.

आईला उत्तर देण्याआधी मी मुलासमोर एका बाजूला रुपयाची पाच नाणी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला पाच रुपयांचं एक नाणं. "कोणते घेशील?"

"हे. हे पाच हायेत, ते एकच हाये."

बालमानसशास्त्रज्ञ पियाजे वाचलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटेल. मोजणी पक्की असते, पण एका वस्तूत पाच मावू शकतात हे अजून उमगलेलं नसतं. यात डोकं कमी असण्याचा काही संबंध नाही. आणि घड्याळही इथेच अडतं, कारण मोठा काटा 1 वर आला की पाच मिनिटं झालेली असतात. म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकवत नाही. आधी दुकान, मग घड्याळ.

घरी खेळात मांडलेल्या दुकानात तीन-चार वस्तू पुरतात: माचिस, साबण, मुरमुऱ्यांची पुडी, शेंगदाणे. सुरुवातीला किमती दहाच्या आत ठेवायच्या आणि त्या चिठ्ठीवर लिहायच्या. पैसे खरेच वापरा, पण फक्त रुपया आणि पाचची नाणी. दोनचं नाणं नंतर आणा, ते रुपयाच्या नाण्यासारखं दिसतं आणि मूल गोंधळतं. नियम एकच, रुपयाची पाच नाणी जमली की दुकानदाराकडून पाचचं एक घ्यायचं. ही अदलाबदल मुलाने स्वतःच्या हाताने करायची, आपण सांगून उपयोग नाही. सात रुपयांची पुडी घेताना मूल पाचचं नाणं ठेवून पुढे "सहा, सात" म्हणत रुपया-रुपया ठेवू लागलं, की समजा जमलं. पुन्हा "एक, दोन, तीन" असं सुरू केलं तर मागच्याच पायरीवर थांबा.

परत द्यायच्या पैशांची वजाबाकी पाटीवर करायला लावू नका. वीसमधून चौदा गेले तर मुलं शून्य-चारची अदलाबदल करून चौदाच उरवतात. किराणावाला करतो तसं वर मोजायचं: चौदा, रुपया ठेवला की पंधरा, पाच ठेवले की वीस. हातात उरले सहा.

घड्याळासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. ताटलीभोवती गोल आखून कापा आणि दोनदा घडी घाला. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मध्य, टोकांना 12, 3, 6, 9. मग प्रत्येक फटीत दोन आकडे. सरळ 1 पासून लिहीत गेलं की शेवटच्या आकड्यांची दाटी होते आणि त्या घड्याळावर काही शिकवता येत नाही. काटे बटण आणि दोऱ्याने बसवा, पण पहिले काही दिवस फक्त छोटा काटा. त्या एकट्या काट्यावरूनच "तीन वाजून गेले, चार व्हायचे आहेत" असं मुलाने सांगायला हवं.

या मुलासोबत मोठा काटा लावला तेव्हा प्रत्येक आकड्याबाहेर 5 लिहिलेली कागदी चकती ठेवली. काटा 3 वर नेऊन विचारलं, "किती मिनिटं?" तो "तीन" म्हणाला, थांबला, आणि बोट चकत्यांवरून फिरवू लागला. "पाच, दहा, पंधरा." मग आईकडे वळून, "आई, हे त दुकानातले पाच-पाचच हायेत!"

इथे मी काही बोलत नाही. दोन खेळांमधला पूल मुलाने स्वतः बांधला की तो टिकतो, आणि समुपदेशकाने गप्प बसायचं हेच खरं कसब.

पुढे दोन अडचणी येतात. कागदी घड्याळाचे काटे सुटे असतात, त्यामुळे साडेतीनला मूल छोटा काटा नेमका 3 वर ठेवतं. खऱ्या घड्याळात तो 3 आणि 4 च्या मधोमध असतो. घरातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवा, सेल काढा आणि मागची चावी फिरवून दोन्ही काटे एकत्र कसे सरकतात ते दाखवा. पावणेचारही तेव्हाच शिकवा. बोलण्यात चार येतं पण काटा अजून चारला टेकलेला नसतो, आणि हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. दुसरी अडचण, पैशांच्या सवयीने मूल तास शंभर मिनिटांचा धरतं. बारा चकत्या मोजून साठ करून घ्या आणि चकत्या उचलून ठेवा.

तिसरी-चौथीतही दहाच्या आतल्या वस्तू मोजताना मूल सतत चुकत असेल, तर हा खेळ पुरणार नाही. शिक्षकांशी बोला, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा मुलाला आवर्जून दाखवा.