सात पट्टे, सहा गाळे

«मुलगा बारावी सायन्सला आहे, राजारामपुरीत क्लास लावलाय. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, मी स्वतः बी.एस्सी. अर्ध्यात सोडलेली. डबल स्लिटच्या गणिताच्या पानाचा फोटो जोडलाय. चित्रात सात पट्टे स्वच्छ दिसतात आणि चिरंजीव सहाने भागतात! मी लाल पेनाने दुरुस्त करून दिलंय. सूत्र तोंडपाठ आहे, पण मोजताच येत नसेल तर इंजिनिअरिंगचा नाद आत्ताच सोडावा, की वर्षभर लातूरला ठेवावं? स्पष्ट सांगा.»
— एक पालक, कोल्हापूर

स्पष्टच सांगायचं तर मुलाचं सहा बरोबर आहे आणि लाल पेनातलं सात चूक आहे.

तुमच्या दुकानातून कुणी कुंपणाचे सात खांब नेले आणि एका ओळीत रोवले, तर मध्ये गाळे किती पडतात? सहा. डबल स्लिटमध्ये प्रकाश दोन बारीक फटींतून जातो आणि पडद्यावर उजळ-काळे पट्टे पडतात. त्यातला उजळ पट्टा म्हणजे ब्राइट फ्रिंज, तो तुमचा खांब. फ्रिंज विड्थ म्हणजे खांब नव्हे, गाळा. एका ब्राइट फ्रिंजच्या मध्यापासून शेजारच्या ब्राइट फ्रिंजच्या मध्यापर्यंतचं अंतर. गणितात दिलंय की मधल्या फ्रिंजच्या एका बाजूच्या तिसऱ्या ब्राइट फ्रिंजपासून दुसऱ्या बाजूच्या तिसरीपर्यंत ७.२ मि.मी. अंतर आहे. मधली एक, अलीकडे तीन, पलीकडे तीन, असे पट्टे सात होतात. पण ७.२ मि.मी. मध्ये बसलेले गाळे सहाच, म्हणून फ्रिंज विड्थ १.२ मि.मी. सातने भागून तुम्ही १.०३ काढलीत. ती उलटी ताडून बघा: तीन गाळे इकडे, तीन तिकडे, मिळून जेमतेम ६.२ मि.मी. भरतात. गणितात तर ७.२ छापलंय. ही एक ओळ लाल पेन उचलण्याआधी लिहिली असतीत तर पेन खालीच राहिलं असतं.

बरं, चूक कुणाकडूनही होते. फोटोत मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या लाल सातखाली मुलाने निळ्या शाईत पुन्हा सातने भागून दाखवलंय. स्लिटमधलं अंतर ०.५ मि.मी., पडदा १ मीटरवर, यावरून त्याची तरंगलांबी आधी ६०० नॅनोमीटर बरोबर आली होती. ती खोडून त्याने ५१४ लिहिली. वाद नाही, प्रश्न नाही, समासात साधी प्रश्नखूणसुद्धा नाही. बरोबर उत्तर हातात असताना केवळ वडिलांचा अक्षर-रंग बघून ते सोडून देणारा मुलगा परीक्षेत काय करेल? शेवटच्या पाच मिनिटांत बरोबर पर्याय सोडून शेजारच्यावर क्लिक करेल. त्याला मोजता येत नाही असं या पानावरून मुळीच दिसत नाही. मोजलेल्यावर ठाम राहता येत नाही, हे मात्र दिसतं, आणि ते त्याला लातूरला पाठवून शिकवता येणार नाही. ते तुमच्या घरातल्या टेबलावर बिघडलंय, तिथेच दुरुस्त होईल.

त्याची खरी चूक त्याच पानावर खाली आहे. ती तुमच्या नजरेतून सुटली, कारण तिथे आकडेमोड स्वच्छ आहे. पुढच्या भागात प्रकाश बदलून ४५० नॅनोमीटरचा घेतलाय आणि तिसरी ब्राइट फ्रिंज कुठे जाईल ते विचारलंय. W = λD/d वापरून नवी फ्रिंज विड्थ त्याने ०.९ मि.मी. काढली, बरोबर. मग लिहिलं: विड्थ ०.३ ने कमी झाली, म्हणून तिसरी फ्रिंज ३.६ वरून ०.३ ने आत, म्हणजे ३.३ वर. इथे गाडी घसरली. त्याच्या डोक्यात सगळी नक्षी एका पट्टीवर छापलेली आहे आणि तरंगलांबी बदलली की अख्खी पट्टी सरकते. तसं होत नाही. कमरेच्या इलॅस्टिकवर पेनाने समान अंतरावर खुणा करा, मधली खूण टाचणीने पक्की करा, इलॅस्टिक आधी ताणून धरा आणि मग सैल सोडा. मधली खूण जागची हलत नाही. पहिली थोडी आत येते, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट. फ्रिंजेसचं तेच. पहिली ०.३ ने आत येते, तिसरी ०.९ ने. म्हणून उत्तर २.७ मि.मी., म्हणजे सरळ तीन गुणिले ०.९.

मधली का हलत नाही, हे त्याला विचारा. दोन्ही स्लिटपासून तिथपर्यंतचं अंतर सारखंच असतं, वाटेतला फरक शून्य, आणि शून्याला प्रकाशाच्या रंगाशी देणंघेणं नसतं. बाकी कुठल्याही जागी पडद्यावर हात ठेवा, तिथला वाटेतला फरक फक्त जागेवर ठरतो: मधल्या फ्रिंजपासूनचं अंतर गुणिले स्लिटमधलं अंतर, भागिले पडद्याचं अंतर. तो तरंगलांबीच्या पूर्ण पटीत भरला की तिथे ब्राइट फ्रिंजचा मध्य, बरोब्बर अर्ध्यावर अडकला की डार्कचा. ३.६ मि.मी. वर तो १८०० नॅनोमीटर भरतो. १८०० मध्ये ६०० तीन वेळा बसतात, म्हणून जुन्या प्रकाशाची तिथे तिसरी फ्रिंज होती. ४५० चार वेळा बसतात, म्हणून नव्या प्रकाशाची त्याच जागी चौथी येते. जागा तीच, फक्त नंबर बदलला. आता त्याच्या ३.३ ला हीच चाचणी लावा. फरक येतो १६५० आणि त्यात ४५० बसतात सुमारे ३.६७ वेळा. पूर्णांक नाही, म्हणजे तिथे ब्राइट फ्रिंजचा मध्य असूच शकत नाही. साडेतीनही नाही, म्हणजे डार्कचाही मध्य नाही. उत्तर ताडून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि यासाठी उत्तरसूची उघडावी लागत नाही. वडीलही लागत नाहीत.

(फोटोवर तुम्ही पट्टी ठेवून मोजल्याच्या खुणा दिसतात. तो उद्योग नको. पान तिरकं धरून काढलेल्या फोटोत दूरच्या कडेचे पट्टे जवळ आल्यासारखे दिसतात, आणि गणितातली आकृती तशीही मापाबरहुकूम नसते. छापलेला आकडा तेवढा धरायचा.)

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सीईटी आणि जेईई मेन दोन्ही द्यावीत. सीईटीला चुकीचे गुण कापत नाहीत, जेईई मेनला कापतात, म्हणून खाडाखोडीची सवय तिथे जास्त महागात पडेल. एका पानावरून शाखा बदलू नका. लातूर तर डोक्यातून काढूनच टाका. सूत्र येणाऱ्या, गाळे मोजता येणाऱ्या आणि एका ठिकाणी चित्र चुकलेल्या मुलाला गाव बदलून काय मिळणार?

त्याऐवजी आज रात्री दुकान बंद केल्यावर त्याच्यासमोर बसा आणि आधी सांगा की सहा बरोबर होतं. हे तुमच्याच तोंडून यायला हवं, माझा मजकूर वाचायला देऊन भागणार नाही. मग त्याला एवढंच विचारा: तोच सेट, स्लिट तसेच, पडदा तिथेच. ६०० आणि ५०० नॅनोमीटरचे दोन प्रकाश एकत्र सोडले, तर मधली फ्रिंज सोडून दोघांच्या ब्राइट फ्रिंजेस पहिल्यांदा कुठे एकावर एक येतील? उत्तर ६ मि.मी. आहे, एकाची पाचवी आणि दुसऱ्याची सहावी. तो ६ म्हणाला की चेहरा पाडून म्हणा, «मला तर ५ वाटतंय.» मग गप्प बसा. त्याने ५ मि.मी. वर वाटेतला फरक २५०० काढला, त्यात ५०० पाच वेळा बसतात पण ६०० पूर्ण बसत नाहीत हे तुम्हाला दाखवून दिलं, तर पुढच्या आठवड्यात तेवढंच पान मला पाठवा. खोडून ५ लिहिलं, तरी तेच पान पाठवा. दोन्ही वेळी लाल पेन दुकानात ठेवून या.