“चार नोकऱ्या कशासाठी सोडल्या?” मुलाखतीनंतरचा मेल

“मुलाखतीत साहेबांनी विचारलं, साडेतीन वर्षांत चार नोकऱ्या? मी काहीतरी पुटपुटले. आता आभाराच्या मेलमध्ये तो विषय पुन्हा काढू, की गप्प बसू? काढला तर लिहू काय?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणांकडून येतो की त्यातल्या एकीचं उदाहरण सविस्तर लिहावं असं वाटलं. तपशील ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. बाई अकाउंट्सच्या, वय तिशीच्या आत, राहायला पिंपरी-चिंचवडकडे. मुलाखत चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुरुवारी दुपारी झाली. शुक्रवारी सकाळी त्या समोर बसल्या तेव्हा फोनवर अर्धवट लिहिलेला मेल होता, चांगला दीड पानी.

आधी उत्तर देऊन टाकते. प्रश्न त्यांनी काढला आणि तुमचं उत्तर फसलं, तर मेलमध्ये लिहायचं. प्रश्न निघाला पण उत्तर ऐकून ते समाधानाने पुढे गेले, तर पुन्हा उकरायचं नाही. निघालाच नसेल तर एक अक्षर नाही. या बाईंचं उत्तर फसलं होतं. “ग्रोथ नव्हती” असं त्या म्हणाल्या. समोरच्याला त्याचा अर्थ एकच लागतो: इथेही आठ महिन्यांनी हिला ग्रोथ दिसणार नाही.

त्यांचा मसुदा वाचला. पहिल्या परिच्छेदात माफी, मग चार नोकऱ्यांच्या चार करुण कहाण्या, तिसऱ्या नोकरीतल्या साहेबांवर सात ओळी आणि शेवटी “मी आता किमान पाच वर्षं कुठेही जाणार नाही” असं वचन.

“हे वाचून त्यांना काय वाटेल?” मी विचारलं.

“की माझी बाजू खरी आहे.”

“आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

थोडा वेळ गेला. “मॅडम, खरं सांगू? मी टिकणारी बाईच नाही, असं वाटतं.”

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. माणूस आणि त्याचं वागणं यांची गल्लत झाली की मी तिथेच थांबते. चार नोकऱ्या सोडणं ही घटना. “मी टिकणारीच नाही” हा स्वतःवर मारलेला शिक्का. तो खरा धरला की मेलमध्ये दोनच गोष्टी करता येतात, गयावया किंवा वकिली, आणि त्या मसुद्यात दोन्ही होत्या. म्हणून मी मेल बाजूला ठेवायला लावला आणि कोरा कागद पुढे केला. चार ओळी, चार नोकऱ्या. प्रत्येकीपुढे तीनच गोष्टी लिहायच्या: किती महिने, शेवट कोणी केला, आणि रुजू होण्याआधी कामाबद्दल काय विचारलं होतं.

पहिली, सीएंचं छोटं ऑफिस, जून 2021 ते एप्रिल 2022, अकरा महिने. शेवट स्वतः केला, कारण जीएसटी शिकायला मिळेल असं वाटलं होतं आणि हाती नुसती एंट्री आली. दुसरी, एजन्सीच्या पगारपत्रकावर एका कारखान्यात नऊ महिने. कंत्राटच तेवढं होतं. तिसरी, स्टार्टअप, सात महिने. पगार दोन महिने रखडले आणि अकाउंट्सचं काम बाहेरच्या फर्मकडे गेलं. चौथी, आठ महिने, ऑगस्ट 2024 पर्यंत. शेवट पुन्हा स्वतः. “महिनाअखेरचं क्लोजिंग मिळेल म्हणाले होते, दिली व्हेंडरच्या बिलांची एंट्री.”

तिसरा रकाना त्यांनी शेवटी भरला. चारही ओळींपुढे एकच शब्द आला: “काही नाही.”

कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, “म्हणजे दोन मी सोडल्याच नाहीत. आणि ज्या दोन सोडल्या, त्या एकाच कारणाने. मी विचारतच नाही.”

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. मी सांगितलं असतं तर ती सूचना झाली असती, आणि मुलाखतीत घोकलेली सूचना लगेच ओळखू येते. त्या वाक्याने दोन कामं केली. “टिकणारी बाई नाही” या शिक्क्याला पुरावा उरला नाही, आणि त्याच्या जागी एक छोटी, दुरुस्त करता येणारी सवय दिसली.

मुलाखत घेणारा तुमच्या चारित्र्याचा निवाडा करायला बसलेला नसतो. त्याला एक अंदाज हवा असतो: या व्यक्तीला शिकवायला सहा महिने घातले तर ती सातव्या महिन्यात असेल का? त्यामुळे मेलमध्ये भूतकाळाला दोन ओळी पुरतात. उरलेली जागा ती गोष्ट इथे का होणार नाही याला द्यायची, आणि तेही वचनाने नाही. पाच वर्षांचं वचन कोणालाच तपासता येत नाही, म्हणून त्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही.

मेल अर्थातच इंग्रजीत गेला. त्याचा आशय असा:

“काल वेळ दिल्याबद्दल आभार. कमी काळाच्या नोकऱ्यांबद्दल आपण विचारलं, त्याचं उत्तर मी नीट दिलं नाही. चारपैकी एक ठरावीक मुदतीचं कंत्राट होतं आणि एका ठिकाणी अकाउंट्स विभागच बाहेर दिला गेला. उरलेल्या दोन मी सोडल्या. दोन्ही वेळा रुजू होण्याआधी रोजचं काम नेमकं काय असेल हे मी विचारलं नव्हतं. ती चूक माझी. म्हणून आत्ताच विचारते: पहिल्या सहा महिन्यांत बिलांची एंट्री आणि व्हेंडर रिकन्सिलिएशन यांचं प्रमाण साधारण किती असेल? जीएसटीआर-2बीची जुळवणी माझ्याकडे येईल का, आणि कधीपासून? सुरुवातीला एंट्रीच जास्त असेल तरी माझी तयारी आहे; ते आधी माहीत असावं एवढंच. तिसऱ्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नाही. शेवटची पगारपावती आणि बँक स्टेटमेंट देऊ शकते.”

यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न. “मी बदलले आहे” हे लिहिण्यापेक्षा, जी गोष्ट चार वेळा केली नाही ती त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवणं जास्त पटतं. शिवाय प्रश्न कामाच्या भाषेत आहे. 2बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारं विवरण. ते दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं, त्यानंतर आपल्या बिलांशी जुळवणीची घाई असते. हे ज्याला ठाऊक तोच असा प्रश्न विचारतो.

“पण ‘चूक माझी’ लिहायलाच हवं का?” त्यांनी विचारलं.

“एकदाच, आणि कुठली चूक तेही लिहून. मोघम माफीने संशय वाढतो. नेमकी चूक वाचली की विषय संपतो.”

त्या साहेबांवरच्या सात ओळी गेल्या. पगार रखडल्याचंही मेलमध्ये लिहिलं नाही. विचारलं तर तोंडी एका वाक्यात सांगायचं ठरलं. जुन्या कंपनीची तक्रार कितीही खरी असली, तरी वाचणारा स्वतःला त्या पुढच्या तक्रारीत बघतो. “वैयक्तिक कारणास्तव” हेही टाळा. आजारपण किंवा घरची जबाबदारी असेल तर तसं म्हणा आणि ती आता संपली आहे का ते सांगा. तपशील द्यायची गरज नाही.

मेल पाठवायचा तो त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कारण मुलाखत घेणारे आपलं मत साधारण तेवढ्यात कळवून मोकळे होतात. आपल्याकडे मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता बहुधा नसतोच. मग एचआरने पाठवलेल्या निमंत्रणाच्या त्याच धाग्यात उत्तर द्या आणि “कृपया साहेबांपर्यंत पोचवावं” अशी ओळ घाला. व्हॉट्सअॅपवर हा मजकूर नको. लांबी फोनच्या एका पडद्यात मावेल इतकी, फार तर दीडशे-पावणेदोनशे शब्द.

एक गोष्ट मात्र मेलच्याही आधी करायची, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर लॉग-इन करून सर्व्हिस हिस्टरी उघडा. तिथे प्रत्येक आस्थापनेचं नाव, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख असते, आणि पार्श्वभूमी तपासणारे बरेचदा हेच बघतात. सात महिन्यांची नोकरी रेझ्युमेतून गाळून शेजारच्या दोन ताणून जोडल्या, तर ते इथे उघडं पडतं. नोकऱ्या कमी काळाच्या आहेत म्हणून क्वचित कोणी ऑफर मागे घेतं. तारखा खोट्या निघाल्या तर हमखास घेतात.

या बाईंच्या यादीत तीन गाठी होत्या. सीएंच्या ऑफिसची नोंदच नव्हती, कारण वीसहून कमी माणसांच्या ठिकाणी पीएफ सहसा लागू नसतो. तिथे नेमणूकपत्र आणि पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट चालतं. कंत्राटाची नोंद एजन्सीच्या नावावर होती आणि रेझ्युमेत मात्र कारखान्याचं नाव. तो फरक लबाडीसारखा दिसतो, म्हणून “अमुक एजन्सीमार्फत, अमुक कारखान्यात, नऊ महिन्यांचं कंत्राट” असं लिहून घेतलं. कंत्राट हा शब्द रेझ्युमेतच असता तर चाकणला चाराऐवजी तीनच नोकऱ्यांचा हिशेब मागितला गेला असता. स्टार्टअपने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, त्यामुळे पुढची नोकरी तिच्यावर चढलेली दिसत होती. कंपनी सोडून दोन महिने झाले की त्याच पोर्टलवरच्या “मॅनेज” मेनूतल्या “मार्क एक्झिट”मधून ही तारीख आपली आपल्याला भरता येते. ती त्यांनी तिथेच बसून भरली.

सोमवारी एचआरचा फोन आला, दुसऱ्या फेरीसाठी. त्या फेरीत नोकऱ्यांचा विषय निघाला तो एकदाच: “तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. पहिले चार महिने एंट्री, मग 2बी. चालेल?” त्यांनी उलट विचारलं, चार महिन्यांनी ते कोण ठरवणार? बाहेर आल्या तेव्हा निवड होईल की नाही ठाऊक नव्हतं, पण काम काय असेल हे पहिल्यांदाच ठाऊक होतं. निवड झाली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर.

सगळ्यांना हाच मसुदा चालणार नाही. चारही नोकऱ्या वरिष्ठांशी खटके उडून सुटल्या असतील, किंवा एखादीतून काढलं गेलं असेल, तर ते मेलमध्ये बसत नाही; तिथे एवढंच लिहा की प्रत्यक्ष बोलायला आवडेल, आणि त्या बोलण्याची तयारी करा. कागदाचा तिसरा रकाना तेव्हा बदलतो: पहिला खटका कधी उडाला, आणि त्यानंतर मी काय केलं.

आणि उत्तर आलं नाही तर त्यांनी सांगितलेली तारीख उलटल्यावर, किंवा आठवड्याने, दोन ओळींची एकच आठवण पाठवा. तिच्यात नोकऱ्यांचा विषय पुन्हा काढू नका.