पंचतंत्रातली गोष्ट कोण कोणाला सांगतंय ते बघा

प्रश्न: लहानपणी सुट्ट्या गोष्टी वाचलेल्या, आता पूर्ण पंचतंत्र वाचायला घेतलंय तर एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू होते, मग तिच्यात तिसरी. सरळ एकामागून एक सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बरंच बिघडलं असतं. पहिल्या तंत्रातला, म्हणजे मित्रभेदातला, एकच तुकडा घेऊन सांगते.

पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची गट्टी जमलीये आणि दमनक नावाच्या कोल्ह्याला ती तोडायचीये, कारण त्या मैत्रीपायी त्याचं दरबारातलं वजन गेलंय. दुसरा कोल्हा करटक त्याला विचारतो की बाबा, एवढ्या ताकदवान दोघांपुढे तू काय करणार? दमनक एक श्लोक टाकतो: जे युक्तीने जमतं ते ताकदीने जमत नाही, कावळीने सोन्याच्या साखळीने काळा साप मारला. आता हे ऐकून कोणीही विचारणारच, ते कसं काय? करटक तेच विचारतो, ‘कथमेतत्?’ आणि गोष्ट सुरू. म्हणजे शेवट आधीच सांगून टाकलाय, उत्सुकता राहते ती फक्त ‘कसं’ची. गोष्ट संपली की सांगणारा ‘म्हणून मी म्हणतो’ असं म्हणून तोच श्लोक पुन्हा आणतो. वाचताना हरवायला झालं तर हे दोन श्लोक शोधा, कंसासारखे आहेत, एक उघडतो आणि एक मिटतो, मधलं सगळं आतल्या पातळीवरचं.

तर या कावळ्याच्या गोष्टीत साप पिल्लं खातो म्हणून कावळा-कावळी आपल्या कोल्हा मित्राकडे सल्ला मागायला जातात, आणि तो त्यांना धीर द्यायला बगळा आणि खेकड्याची गोष्ट सांगतो. बगळा जलचरांना बारा वर्षांच्या दुष्काळाची थाप मारतो, दुसऱ्या तळ्यात पोचवतो म्हणून एकेकाला उचलून नेतो आणि खडकावर नेऊन खातो, शेवटी खेकडा त्याची मान आवळतो. मोजा आता: विष्णुशर्मा राजपुत्रांना सांगतोय, त्यात दमनक करटकाला, त्यात कोल्हा कावळ्यांना, आणि त्याच्याही आत बगळा माशांना एक खोटी कहाणी सांगतोय. कावळ्यांना यातून एवढंच हवंय की बलवान शत्रूही मरतो, आणि दमनकालाही युक्तीचाच विजय दाखवायचाय. पण बगळाही युक्तीबाजच होता ना, विश्वास टाकणाऱ्यांना खाणारा, आणि तो मेला! हे दमनकाच्या तोंडून येतंय आणि त्याला स्वतःला त्यात स्वतःचं काहीच दिसत नाही. ते दिसतं फक्त बाहेर बसून सगळ्या पातळ्या एकदम ऐकणाऱ्याला, म्हणजे राजपुत्रांना आणि आपल्याला. बगळ्याची गोष्ट सुटी छापली की हे सगळं गळून जातं आणि उरतं काय तर ‘लबाडी करू नये’.

यानंतर लगेच दमनक कोणती गोष्ट सांगतो माहितीये? सिंहाला विहिरीतलं प्रतिबिंब दाखवणाऱ्या सशाची. आपण सगळे शाळेत जिच्यावर टाळ्या वाजवत आलो ती, छोट्याने मोठ्याला हरवलं म्हणून. मूळ पुस्तकात मात्र ती दमनकासारखा कारस्थानी मंत्रिपुत्र आपल्याच राजाविरुद्ध कट रचताना, माझ्याकडे बुद्धी आहे म्हणून मी हे करू शकतो, अशा आवेशात सांगतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अख्खं पुस्तकच वेगळं दिसायला लागलं. गोष्ट इथे हत्यार आहे, आणि सांगणाऱ्याला काय हवंय हे विचारल्याशिवाय तिचं तात्पर्य घेताच येत नाही. राजपुत्रांना शिकवायचंय ते नेमकं हेच असणार असं माझं मत, कारण पुढे त्यांच्याशी दरबारात जो तो दाखले देऊनच बोलणार.

आणि हे हत्यार दरवेळी चालतं असंही नाही. शेवटी सिंह-बैल झुंजायला लागल्यावर करटक दमनकाला खूप सुनावतो, धर्मबुद्धी-पापबुद्धीची, उंदरांनी लोखंडी तराजू खाल्ल्याची, एकावर एक गोष्टी. तीच रीत, तसेच श्लोक. दमनकावर ढिम्म परिणाम होत नाही. बैल मरतो, सिंह रडतो, आणि दमनक मंत्रिपदावर मजेत राहतो.

तुम्ही पुढे कधी याचं अरबी रूप ‘कलिला व दिमना’ वाचलंत (करटक-दमनकांचीच नावं ती), तर तिथे एक जादा प्रकरण सापडेल, दिमनाची चौकशी आणि शिक्षा. आठव्या शतकात ते अरबीत आणणाऱ्या इब्न अल-मुकफ्फानेच ते घातलं असं अभ्यासक मानतात. दमनक मोकळा सुटलेला त्याला सहन झाला नसावा असं मला वाटतं, पण मी संस्कृतातल्या शेवटाच्याच बाजूने आहे, कारण तिथे दमनकाचा निवाडा करायचं काम ऐकणाऱ्यावर सोडलंय.